गाणे एका वाटेने, फोन दुसऱ्या वाटेने

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की विक्रेता हमखास सांगतो, 'यात वायरलेस आहे.' म्हणजे फोनमधला नकाशा, गाणी आणि कॉल केबल न जोडता गाडीच्या पडद्यावर येतील. यावर गिऱ्हाइकांत दोन मते असतात. काहींना वाटते की केबलचा आवाज तो केबलचा, हवेतून येणाऱ्याला ती सर नाही. काहींना वाटते की दोन्ही सारखेच, केबल ही नुसती अडगळ. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्ही मते गाडीतला सगळा आवाज एकाच वाटेने येतो असे धरून चालतात. तसे नसते. गाणे, नकाशाची सूचना आणि कॉल यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात, आणि कोणत्या फोनला कोणती वाट मिळते हे कळले की केबल कुठे कामाची आणि कुठे नाही याचे उत्तर आपोआप मिळते.

भारतात यासाठी दोनच नावे चालतात: आयफोनसाठी कारप्ले आणि बाकीच्या फोनसाठी अँड्रॉइड ऑटो. कारप्ले २०१४ मध्ये आले, अँड्रॉइड ऑटो त्याच सुमारास जाहीर होऊन २०१५ मध्ये गाड्यांत दिसू लागले. सुरुवातीला दोन्ही केबलवर चालत. वायरलेसची सोय नंतर आली. अँड्रॉइडच्या बाजूने ती २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनना मिळाली; त्यापूर्वी ती मोजक्याच फोनवर होती. जास्त पैसे मोजले म्हणजे वायरलेस मिळतेच असेही नाही. ह्युंदाई आणि कियाच्या काही गाड्यांत बरीच वर्षे ८ इंची पडद्याला वायरलेस होते आणि वरच्या प्रकारांतल्या १०.२५ इंची पडद्याला मात्र केबल लागे.

आता आत काय चालते ते पाहू. दोन्ही पद्धतींत विचार करण्याचे काम फोनच करतो. नकाशा फोनवर आखला जातो, त्याचे चलचित्र फोनवरच दाबून लहान केले जाते आणि ते गाडीकडे पाठवले जाते. गाडीचा पडदा ते उलगडून दाखवतो आणि तुमचे बोट कुठे टेकले एवढे फोनला उलट कळवतो. केबल असेल तर ही सगळी ये-जा यूएसबीतून होते. केबल नसेल तर आधी ब्लूटूथवर दोघांची ओळख पटते, त्या ओळखीतच गाडी आपल्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड फोनला देते आणि फोन त्या वाय-फायला जोडला जातो. पुढचे सगळे अवजड काम वाय-फायवर चालते. हे वाय-फाय घरातल्यासारखे इंटरनेटसाठी नसते, ते गाडी आणि फोन यांच्यापुरतेच असते. इंटरनेट फोन आपल्या सिमकार्डावरूनच घेतो.

वायरलेस म्हणजे ब्लूटूथ, ही समजूत इथेच गळून पडते, आणि आवाजाच्या दर्जाबद्दलचा निम्मा गोंधळही इथेच मिटतो. गाडीत नुसत्या ब्लूटूथवर गाणे वाजवले तर ते बहुधा एसबीसी नावाच्या जुन्या पद्धतीने दाबून पाठवले जाते. त्यात सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते, आणि मुळात आधीच दाबलेले गाणे पुन्हा एकदा दाबले जाते. झांजांचा किणकिणाट, तानपुऱ्याची जवारी, हार्मोनियमच्या पट्ट्यांची कड अशा बारीक गोष्टींना त्यात थोडी झळ बसते. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत किंवा कारप्लेत मात्र गाणे ब्लूटूथने जात नाही, वाय-फायने जाते. अँड्रॉइड ऑटोत गाण्यासाठी सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, ही नेहमीची मांडणी आहे. गुणाकार केला तर सेकंदाला दीड मेगाबिटांच्या आसपास आकडा येतो. यूएसबीची जुनी २.० आवृत्तीसुद्धा कागदोपत्री ४८० मेगाबिट वाहून नेते, आणि ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय गाडीच्या आतल्या हातभर अंतरात दीड मेगाबिट सहज नेते. काही गाड्या हा प्रवाह एएसी पद्धतीने दाबूनही घेतात. तेही एसबीसीपेक्षा सरस असते.

म्हणून गाण्याच्या दर्जापुरते माझे मत स्पष्ट आहे: केबल आणि चांगले चालणारे वायरलेस यांत कानाला कळेल असा फरक बहुतेक गाड्यांत नाही. खरा फरक या दोघांत एका बाजूला आणि नुसत्या ब्लूटूथमध्ये दुसऱ्या बाजूला आहे. महागडी केबल घेऊन आवाज सुधारत नाही, कारण केबलमधून आकडे जातात; ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. केबल खराब असेल तर आवाज मळकट होत नाही, तो तुटतो किंवा जोडणीच जाते. आवाज मळकट येत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे असते. ॲपने मोबाइल डेटा वाचवण्यासाठी गाण्याचा दर्जा खाली आणलेला असतो. किंवा पडद्यावर 'अँड्रॉइड ऑटो' दिसत असताना गाडीचा स्रोत चुकून ब्लूटूथवर राहिलेला असतो. शिवाय ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या लहान गाडीत टायर आणि वाऱ्याचाच आवाज ६५-७० डेसिबलच्या घरात असतो, त्याखाली बारीक फरक बुडून जातात.

हे घरच्या घरी पडताळता येते. एखादे ओळखीचे, वाद्ये मोकळी ऐकू येणारे गाणे ॲपमधल्या सर्वांत वरच्या दर्जात उतरवून ठेवा, म्हणजे नेटवर्कचा वाटा बाजूला पडतो. गाडी उभी, इंजिन बंद, आवाजाची पातळी तीच ठेवून तेच अर्धे मिनिट तीन वेळा ऐका: केबलने, वायरलेसने आणि नुसत्या ब्लूटूथने. तिसऱ्यात पातळी थोडी खाली वाटते, ती वाढवून सारखी करून घ्या. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि तुलना फसते.

दर्जात फरक नसला तरी वेळेत आहे, आणि माझ्या मते दोन पद्धतींमधला मुख्य फरक हाच. केबलमध्ये ती वाट फोन आणि गाडी यांचीच असते. वाय-फाय हवेतली सार्वजनिक जागा वापरते. तिथे प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते, आणि पाकीट पोहोचले नाही तर पुन्हा पाठवते. त्यामुळे सरासरी वेग भरपूर असूनही पाकिटे एका लयीत येत नाहीत. दहा झटपट येतात, अकरावे रेंगाळते. गाणे मात्र सलग वाजायला हवे. म्हणून ते वाजवण्याआधी थोडा साठा करून ठेवतात. नळाला पाणी कधी जोरात, कधी करंगळीएवढे येते, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली तोटी एकसारखी वाहते, तसेच हे. टाकी मोठी तर धार तुटण्याचा धोका कमी, पण नळाला आलेले पाणी तोटीपर्यंत यायला तेवढाच जास्त वेळ. वायरलेसमध्ये हा साठा मोठा ठेवावा लागतो, केबलमध्ये छोटा चालतो. थांबवण्याचे बटण दाबल्यावर गाणे लगेच थांबत नाही किंवा पुढचे गाणे क्षणभराने सुरू होते, त्यामागे बहुधा हा साठा असतो.

बाहेरून बसवायच्या डोंगलमध्ये हे ठळक दिसते. ज्या गाडीत फक्त केबलची सोय आहे तिच्या यूएसबीत हे छोटे यंत्र खोचतात. ते गाडीला सांगते की मी फोन आहे, आणि फोनला सांगते की मी गाडी आहे. मधे एक थांबा वाढला, म्हणजे उशीरही वाढला. अशा काही डोंगलच्या सेटिंगमध्ये 'मीडिया डिले' असा आकडा मिलिसेकंदांत दिलेला असतो. तो कमी केला की बटणे चटपटीत चालतात, पण गर्दीच्या रस्त्यावर गाणे तुटू लागते. वाढवला की गाणे अखंड, बटणे आळशी. यातून सुटका नाही, तुमच्या रस्त्याला झेपेल तो आकडा शोधायचा. पुण्यात कोंडीत उभे असताना आजूबाजूच्या दहा गाड्यांची दहा वाय-फाय त्याच मोजक्या चॅनेलवर बोलत असतात, त्यामुळे रिकाम्या महामार्गावर अखंड वाजणारे गाणे चौकात अडखळू शकते. केबलला ही अडचण नसते.

गाण्याला उशीर झाला तर काही बिघडत नाही. नकाशाच्या सूचनेचे तसे नाही. पुण्याजवळ मुंबई-बंगळूर महामार्गावर वारजे आणि बावधनच्या बाजूला सेवा रस्त्यावर उतरायच्या जागा आहेत. नेमकी ती जागा हुकली तर बराच पुढे जाऊन वळून यावे लागते. तिथे गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. पडद्यावरचा बाण आणि सूचना मिळून अर्धा सेकंद मागे असतील तर गाडी त्या चित्राच्या साडेआठ मीटर पुढे असते, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढी. ताशी १०० च्या वेगात हेच अंतर १४ मीटर होते. त्यातला सगळा दोष वायरलेसचा नसतो. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच नवी जागा सांगतो, मधला बाण ॲप अंदाजाने सरकवते. पहिल्या सूचना पुरेशा आधी येत असल्याने मोकळ्या महामार्गावर हा उशीर खपून जातो. तीस-चाळीस मीटरवर एकापाठोपाठ दोन फाटे असतील तिथे मात्र तो नडतो. अशा ठिकाणी बाणावर न विसंबता वरच्या पट्टीत दिसणारे उरलेले अंतर आधीच वाचून ठेवावे आणि रस्त्यावरच्या फलकालाच प्रमाण मानावे.

आपल्या गाडीतला उशीर मोजायचा तर गाडी उभी असताना शेजारी बसलेल्याला दुसऱ्या फोनवर व्हिडिओ घ्यायला सांगा. चौकटीत पडदा आणि तुमचे बोट दिसले पाहिजे. गाणे लावा, थांबवण्याचे बटण दाबा. नंतर व्हिडिओ कापायच्या ॲपमध्ये चित्राखाली आवाजाची रेघ दिसते. बोट टेकले ती चौकट आणि रेघ सपाट झाली ती चौकट यांत किती चौकटी गेल्या ते मोजा. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. समजा केबलवर सहा चौकटी आल्या तर उशीर २०० मिलिसेकंद, आणि वायरलेसवर पंधरा आल्या तर ५००. एकदाच मोजून थांबू नका, कारण वायरलेसचा आकडा दर वेळी बदलतो, आणि तो किती बदलतो हेही महत्त्वाचे आहे. फोन उन्हात तापला असेल तर तोच आकडा वाढतो. वायरलेसमध्ये फोन चित्र दाबतो, वाय-फाय चालवतो, जीपीएस चालवतो आणि बऱ्याचदा वायरलेस चार्जिंगच्या पाटीवर आणखी तापतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात फोन पाटीवर ठेवून तासभर चालवले की फोन स्वतःचा वेग उतरवतो, आणि पडदा अडखळू लागतो. तेव्हा फोन पाटीवरून काढून एसीच्या झोतासमोर ठेवला की फरक दिसतो.

कॉलच्या बाबतीत केबलबद्दलची समजूत सर्वांत जास्त फसते. अँड्रॉइड ऑटोत कॉलचा आवाज केबल जोडलेली असली तरी केबलने जात नाही. तो ब्लूटूथने जातो, अगदी जुन्या हँड्स-फ्री जोडणीनेच. म्हणूनच केबल खोचताच अँड्रॉइड ऑटो तुमचे ब्लूटूथ स्वतःहून सुरू करते आणि गाडीशी जोडते. पडद्यावर नाव आणि बटणे केबलने येतात, आवाज हवेतून. याचा परिणाम असा की अँड्रॉइड फोनवर समोरच्याला तुमचा आवाज घुमून किंवा तुटक येत असेल तर केबल बदलून काहीही साधत नाही. कारप्लेचे उलट आहे. आयफोन केबलने जोडला की कॉलही केबलने जातो, आणि वायरलेस असेल तर तो वाय-फायने जातो. ओळख पटवून दिल्यावर ब्लूटूथ बाजूला होते. तेव्हा कॉलसाठी केबल वापरून पाहण्याला आयफोनवर अर्थ आहे, अँड्रॉइडवर नाही.

ब्लूटूथ कॉलचा दर्जा गाडी आणि फोन यांच्यात कोणती बोली ठरते त्यावर असतो. जुनी पद्धत सेकंदाला ८,००० नमुने घेते, त्यात आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो आणि 'स' आणि 'फ' यांत घोटाळा होतो. २०११ च्या हँड्स-फ्री १.६ आवृत्तीपासून १६,००० नमुन्यांची सोय आली, तिला वाइडबँड म्हणतात. दोन्ही बाजूंना ती असेल आणि नेटवर्कवर व्होल्टी चालू असेल, तर कॉल स्वच्छ येतो. एका बाजूला नसेल तर दोघेही जुन्या पद्धतीवर उतरतात. तेव्हा नवा महागडा फोन घेऊनही जुन्या गाडीत कॉल पूर्वीसारखाच लागला तर फोनला दोष देऊ नये.

कॉलमध्ये उशिराचे महत्त्व गाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते, कारण बोलणे दुहेरी असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि ४०० च्या पुढे तो चालण्यासारखा नाही. उशीर वाढला की दोघे एकदमच बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, मग पुन्हा एकदमच. ब्लूटूथच्या कॉलसाठी हवेतली ठराविक वेळ राखून ठेवलेली असते, त्यामुळे त्यात साठ्याची गरज कमी आणि उशीरही कमी. आयफोनला डोंगल लावले तर कॉल फोनपासून डोंगलपर्यंत वाय-फायने आणि तिथून गाडीत यूएसबीने असा दोन टप्प्यांत जातो. म्हणूनच डोंगलवर गाणी सुरेख वाजतात आणि तरी कॉलवर समोरचा माणूस कंटाळतो, असे घडू शकते.

समोरच्याला स्वतःचाच आवाज उलट ऐकू येणे, ही तक्रार बहुतेकदा गाडीतली असते. त्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघतो, छतावरच्या दिव्याजवळ असलेल्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. गाडीची यंत्रणा तो ओळखून वजा करते, पण त्यासाठी तो किती वेळाने परत येणार याचा तिला अंदाज लागतो. आवाज फार मोठा ठेवला किंवा मधे डोंगलसारखा टप्पा घालून उशीर बदलता ठेवला तर तो अंदाज चुकतो. पडताळणी सोपी आहे. गाडी उभी करून घरच्या कोणाला तरी फोन लावा आणि त्यांना आकडे मोजायला सांगा. त्यांना स्वतःचा आवाज परत येत असेल तर गाडीतला कॉलचा आवाज अर्धा करा. तेवढ्याने प्रतिध्वनी गेला तर दोष स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्या नात्यात आहे. नाही गेला तर डोंगल काढून गाडीच्या स्वतःच्या ब्लूटूथवर तोच कॉल करून पाहा. मग एसी पूर्ण वेगात चालू करून पुन्हा बोला. पुढच्या काचेचा झोत मायक्रोफोनवर येत असेल तर समोरच्याला तुमचे बोलणे वाऱ्यात हरवल्यासारखे लागते, आणि झोत पायांकडे वळवला की तेवढेच सुधारते. कॉलच्या आवाजाची पातळी गाण्याच्या पातळीपासून वेगळी साठवलेली असते, ती कॉल चालू असतानाच बदलावी लागते.

वायरलेसचा एक त्रास मात्र आवाजाशी संबंधित नाही, तरी कॉलशी आहे. केबल खोचल्याखेरीज फोन पडद्यावर येत नाही, वायरलेस मात्र गाडी सुरू होताच फोन शोधायला लागते. तुम्ही पहिल्या मजल्यावर कोणाशी बोलत आहात, खाली पोर्चमध्ये मुलाने गाडी सुरू केली, आणि तुमचे बोलणे अचानक गाडीच्या स्पीकरवर गेले, हे अनेक घरांत होते. दोघांचे फोन गाडीत नोंदवलेले असतील तर बऱ्याचदा शेवटचा जोडलेला फोन आधी पकडला जातो. गाडीच्या फोन-यादीत नेहमी चालवणाऱ्याला पहिला क्रम देता येतो का ते पाहावे. कॉल चालू असताना फोनच्या कॉलच्या पडद्यावर आवाजाचे चिन्ह दाबून 'फोन' निवडले की बोलणे लगेच परत येते, आणि हे घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखवलेले बरे. दवाखान्याचा, बँकेचा किंवा घरगुती भांडणाचा कॉल गाडीत बसलेल्या चौघांना ऐकू जाऊ नये असे वाटत असेल, तर त्या प्रवासापुरते फोनमधले वायरलेस अँड्रॉइड ऑटो बंद करून केबल जोडणे हा उपाय अपुरा पडतो, कारण कॉल तरीही ब्लूटूथने गाडीच्या स्पीकरवरच जाईल. गाडीच्या ब्लूटूथ नोंदीत जाऊन त्या फोनसाठी 'कॉल' ही परवानगीच काढावी लागते.